विषय: ऑर्डर पोर्टलची सुपुर्दगी ३० जूनऐवजी २१ जुलैला करण्याबाबत विनंती

दिनांक: १६ जून २०२५

आदरणीय देशमुख मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ऑर्डर पोर्टल ३० जूनला तुमच्या हाती द्यायचं, असं मार्चमध्ये ठरलं होतं. ती तारीख आता आमच्याकडून पाळली जाणार नाही. आम्हाला २१ जुलैपर्यंत, म्हणजे कामाचे १५ दिवस वाढवून हवे आहेत. शेवटच्या आठवड्यात सांगून तुमची पंचाईत करण्यापेक्षा हातात दोन आठवडे असतानाच लिहितो आहे.

मे महिन्यापासून तुमच्या टीमने जे बदल सुचवले, ते सगळे ट्रॅकरमध्ये नोंदलेले आहेत. त्यातले तीन मूळ कामाच्या यादीत नव्हते आणि वाढीव दिवस मुख्यतः त्या तिघांनी घेतले आहेत. तिन्ही तिकिटं तुम्हाला उघडून पाहता येतील. कोणी, कधी मागितलं आणि आमच्याकडून किती वेळ गेला, ते प्रत्येकात लिहिलेलं आहे.

सगळ्यात मोठा बदल ORD-187. ९ मे रोजी तुमच्या गोदाम विभागाने तो टाकला, तेव्हा त्यात एकच ओळ होती: "आंशिक डिस्पॅचही दिसायला हवं." वाचून आम्हाला वाटलं, स्क्रीनवर एक कॉलम वाढवायचा आहे, फार तर एका दिवसाचं काम. बैठकीत विषय निघाला तेव्हा खरी गोष्ट कळली. समजा, ४० खोक्यांची ऑर्डर आहे. सोमवारी २५ गेली, शुक्रवारी १५ गेली. मग दोन खोकी परत आली, तर ती कोणत्या खेपेतली? बिल किती खोक्यांचं निघणार? थकबाकी कोणत्या तारखेपासून मोजायची? मूळ रचनेत एका ऑर्डरला एकच डिस्पॅच आणि एकच बिल होतं, त्यामुळे यातल्या एकाही प्रश्नाला तिथे उत्तर नव्हतं. डेटाबेसमध्ये खेपांसाठी वेगळं टेबल करावं लागलं आणि बिल, परतावा, थकबाकी या तिन्ही ठिकाणी हात घालावा लागला. यात ६ दिवस गेले. मागणी रास्तच होती, याबद्दल शंका नाही. गोदामात रोज असंच घडत असेल, तर हे नसलेलं पोर्टल तुमच्या लोकांनी आठवडाभरात बाजूला ठेवलं असतं.

ORD-203 हा २० मेचा बदल: ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरला दुसरी मंजुरी. त्याला ३ दिवस धरले आहेत, साधारण निम्मं काम झालं आहे. दुसरा मंजुरीदार रजेवर असेल तर ऑर्डर कोणाकडे जाणार, हे तिकिटावर अजून ठरलेलं नाही. तिसरा ORD-211, २७ मेचा: एक्सेल फाइलमधून एकदम अनेक ऑर्डर चढवणं. याला २ दिवस लागतील. हे काम अजून हाती घेतलेलं नाही.

हे झाले ११ दिवस. उरलेले ४ दिवस चाचणीचे. ORD-187 मुळे बिलाचा हिशेबच बदलल्याने आधी तपासून झालेले भाग पुन्हा तपासावे लागणार आहेत. चाचणी आटोपती घेऊन तारीख गाठता येईल का, असा विचार आमच्याकडेही झाला. पण बिलातली चूक तुमच्या ग्राहकाने आधी पाहावी, हे मला पटत नाही.

काही गोष्टी या १५ दिवसांत मुद्दाम धरलेल्या नाहीत. ORD-219 आणि ORD-224 मधले अहवालांचे छोटे बदल आम्ही चालू कामातच उरकले. ORD-226 साठी तुमच्या टेस्ट सर्व्हरचं लॉगिन मिळायला ६ दिवस लागले, पण त्या काळात आमची माणसं दुसऱ्या कामावर होती, त्यामुळे ते दिवस मागणं योग्य होणार नाही. ORD-231 तर सरळ आमचीच चूक: सवलत दोनदा वजा होत होती, ती शोधण्यात दोन दिवस गेले. ते आम्ही आमच्या वेळेतून भरून काढतो आहोत.

आणखी एक चूक माझी स्वतःची आहे. करारातल्या बदलांविषयीच्या कलमाप्रमाणे प्रत्येक बदलाचा तारखेवर होणारा परिणाम तिथल्या तिथे कळवून तुमची संमती घ्यायला हवी होती. तिन्ही तिकिटांवर माझी एकच कॉमेंट आहे: "बघून सांगतो." बघितलं, पण सांगितलं नाही. एकेका बदलाचे दोन-तीन दिवस कुठेतरी सामावून जातील, असं वाटत राहिलं. तेव्हाच सांगितलं असतं, तर ORD-211 आत्ता हवं की नंतर चालेल, हे तुम्हाला वेळेत ठरवता आलं असतं.

जुलैच्या सुरुवातीलाच पोर्टल सुरू करणं तुम्हाला गरजेचं असेल, तर दुसरा मार्ग आहे. फक्त ORD-187 सह पोर्टल १० जुलैला देतो, मंजुरी आणि एक्सेलचा भाग २१ जुलैला जोडतो. यात अडचण एवढीच, की तुमच्या लोकांना प्रशिक्षण दोनदा द्यावं लागेल आणि मधल्या काळात मोठ्या रकमेच्या ऑर्डरची दुसरी मंजुरी फोनवर किंवा मेलवर घ्यावी लागेल. माझं मत विचाराल तर सगळं एकदमच २१ जुलैला घ्यावं. पण रोजचं काम तुम्हाला चालवायचं आहे, त्यामुळे निर्णय तुमचा. ORD-187 काढून मूळ स्वरूपात ३० जूनला देणं मात्र आता शक्य नाही. ते मुख्य कोडमध्ये मिसळलेलं आहे आणि बाहेर काढायलाच आणखी वेळ जाईल.

या वाढीव दिवसांसाठी आम्ही जादा रक्कम मागत नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. दोनपैकी कोणता मार्ग घ्यायचा, ते गुरुवारी, १९ जूनपर्यंत कळवावं. त्यासाठी ORD-240 हे तिकीट उघडून ठेवलं आहे, त्यावर एका ओळीची कॉमेंट पुरेशी आहे. मंजुरीदारांची यादी, प्रत्येकाची रकमेची मर्यादा आणि रजेच्या काळातला पर्यायी माणूस एवढं २० जूनपर्यंत मिळावं, कारण ORD-203 तिथेच अडकलं आहे. ही यादी उशिरा आली तर २१ जुलैही पुढे सरकेल, हे आधीच सांगून ठेवतो. आणि २० जूननंतर येणारे नवे बदल ट्रॅकरमध्ये जरूर नोंदवावेत, मात्र ते पुढच्या टप्प्यात घेण्याला तुमची संमती असावी. काम अडवणारी चूक सापडली तर ती यात येत नाही, ती लगेच दुरुस्त करू.

दर शुक्रवारी संध्याकाळी काय झालं आणि काय राहिलं, ते मी ORD-240 वरच लिहीत जाईन. यावर बोलायचं असेल तर उद्या दुपारी ३ नंतर मी मोकळा आहे. तुमच्या गोदाम विभागातलं कोणी सोबत असेल, तर ORD-187 ची एक खेप प्रत्यक्ष चालवूनही दाखवता येईल.

कळावे,

आपला,
निखिल
प्रकल्प व्यवस्थापक, ऑर्डर पोर्टल