गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बिल क्र. 118: गळतीची तक्रार, रिव्ह्यू टाकण्याआधी

नमस्कार साहेब,

मंगळवार पेठेतल्या घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तुमच्याकडून 18 ते 20 एप्रिलला करून घेतलं होतं. 950 चौरस फूट, 46 रुपये दराने 43,700 रुपये. 20,000 ॲडव्हान्स आणि काम संपल्यावर 23,700, दोन्ही ऑनलाइन दिलेत. बिलावर तुमच्या सहीने 5 वर्षांची गॅरंटी आहे. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळतोय. गूगलवर काही लिहिण्याआधी ते तुमच्या कानावर घालणं मला योग्य वाटतं.

27 जूनला मागच्या खोलीच्या छताला ओल दिसली. आज डाग साधारण 3 फूट बाय 2 फूट आहे आणि मधोमध ठिबकतंय. जोराचा पाऊस झाला की चार-पाच तासांत डाग वाढतो, उघडीप मिळाली की थांबतो. टाकीची लाइन किंवा बाथरूम गळत असतं तर ओल उघडिपीतही वाढली असती. खात्रीसाठी 4 जुलैला गच्ची कोरडी असताना आधी मधोमध तीन बादल्या पाणी ओतलं, दोन तास वाट पाहिली, खाली काही आलं नाही. मग पावसाच्या पाइपच्या तोंडाभोवती तेवढंच पाणी सोडलं. पाऊण तासात खाली थेंब पडू लागले. म्हणजे पाणी पाइप आणि कोब्याच्या सांध्यातून उतरतंय.

दुसरी गोष्ट कोटिंगची. दक्षिणेकडच्या पॅरापेटच्या मुळाशी, वाट्यावर, दोन ठिकाणी कोटिंग फुगून सुटलंय. सुटलेल्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला सिमेंटची पूड चिकटलेली आहे आणि जाळी कुठेच दिसत नाही. तुमच्या कोटेशनमध्ये वायर ब्रश मारून धुणे, प्रायमर एक हात, सांध्यांवर फायबर जाळी आणि कोटिंग दोन हात असं स्पष्ट लिहिलंय. प्रायमर मारला होता की नाही हे मला नुसतं बघून सांगता येणार नाही, म्हणून तसा आरोप करत नाही. पण तेवढ्या भागात जाळी नाही, हे फोटोत कुणालाही दिसेल.

सोबत बिल, कोटेशन, छताच्या डागाचे तारखांसह तीन फोटो, पापुद्र्याचे दोन फोटो आणि पाणी ओतून पाहिल्याचा व्हिडिओ पाठवलाय. पापुद्रा जपून ठेवलाय, आल्यावर दाखवतो.

माझी मागणी अशी आहे. तुम्ही स्वतः येऊन पाहा, नुसता कामगार पाठवू नका. आत्ता पावसात नवीन कोट मारू नका. ओल्या कोब्यावर तो धरत नाही आणि महिन्याभरात पुन्हा फुगतो. सध्या पाइपच्या तोंडाभोवतीचा सांधा तात्पुरता बंद करून गळती थांबवा. पक्कं काम दिवाळीनंतर, गच्ची पूर्ण वाळल्यावर: पाइपभोवतीचा सांधा फोडून नव्याने भरणे, दक्षिणेचा पूर्ण वाटा खरवडून जाळीसह पुन्हा करणे, आणि शेवटी पाइपला बूच मारून 48 तास पाणी साठवून दाखवणे. मटेरियल आणि मजुरी गॅरंटीत. हे जमणार नसेल तर तसं सरळ सांगा. मग किती रक्कम परत देता ते लिहून कळवा.

उत्तर 16 जुलै, संध्याकाळी 6 पर्यंत इथेच लिहून द्या. फोनवर बोललो तरी ठरलेलं दोन ओळींत इथे टाका, म्हणजे पुढे तुमचा-माझा गैरसमज होणार नाही.

रिव्ह्यूबद्दलही आत्ताच स्पष्ट बोलतो. तो न टाकण्यासाठी मला सूट किंवा पैसे नकोत. तुम्ही गळती थांबवलीत तर रिव्ह्यूमध्ये गळती आणि दुरुस्ती, दोन्ही लिहीन. तुमच्या माणसांनी जिना आणि अंगण रोज झाडून दिलं, दिलेली वेळ पाळली, तेही लिहीन. उत्तर आलं नाही तर वरच्याच तारखा आणि फोटो टाकेन, त्यापलीकडे एक शब्द नाही. गॅरंटी नाकारलीत तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन.

त्या खोलीत आईचा पलंग आहे. तो सध्या पुढच्या खोलीत हलवलाय, त्यामुळे तात्पुरत्या कामाला उशीर नको. सकाळी 8 ते 10 किंवा संध्याकाळी 5 नंतर घरी कुणीतरी असतं. पाऊस असला तरी या, गळती तेव्हाच नीट दिसेल. येण्याआधी अर्धा तास फोन करा, गच्चीचं कुलूप काढून ठेवतो.