येसूबाई कोम मारुती

नारायण पेठेतील एका जुन्या शाळेची पगारपत्रके स्कॅन करून त्यांतील नोंदी संगणकावर चढवण्याचे काम सायलीला मिळाले, ते इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तिला एकटीलाच मोडी वाचता येत होती म्हणून. तळच्या फडताळातल्या वह्या १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात भिजल्या होत्या. त्यांतल्या काहींची पाने आता एकमेकांपासून सुटत नव्हती, तर १९४१ आणि १९४२ या दोन वर्षांच्या वह्या मुळात हाती लागल्याच नव्हत्या.

काम कंटाळवाणे होते, आणि ते तसेच असावे लागते. महिना, नाव, हुद्दा, पगार आणि शेरा हे रकाने भरून झाले, की संगणक प्रत्येक व्यक्तीची सेवा किती वर्षे झाली ते आपोआप काढून देत असे. त्या यादीत शेवटी तीन शिपाईणी आल्या : येसूबाई, यशूबाई आणि एसुबाई. तिघींचे काम एकच होते, पाणी भरणे व झाडलोट. कोणत्याही एका महिन्यात दोघींनी पगार घेतलेला नव्हता.

“तिन्ही नावं एकच धरा की,” अभिलेखांचे काम पाहणारे कुलकर्णी सर म्हणाले. “येसूबाई लिहा आणि पुढे चला.”

“पण सर, मधली दोन वर्षं नाहीत. तेवढ्यात एक बाई जाऊन दुसरी लागली असली तर?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ही मुलगी आता संध्याकाळपर्यंत उठणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

पहिली वही मोडीत होती. मोडीत उकार ऱ्हस्व की दीर्घ हे निराळे दाखवत नाहीत, त्यामुळे ‘येसू’मधला दीर्घ उकार हा कारकुनाचा नव्हे, तर वाचणाऱ्या सायलीचाच होता. १९४३ पासूनच्या वह्या बाळबोध लिपीत, वळणदार अक्षरात लिहिलेल्या होत्या. या नव्या कारकुनाला ‘येसू’ हे ‘यशोदे’चे अशुद्ध रूप वाटले असावे, ‘गडी’ खोडून ‘सेवक’ लिहिणारा हा गृहस्थ नावे तरी कशी तशीच राहू देणार! दोन्ही वह्यांत नावापुढे ‘कोम मारुती’, म्हणजे मारुतीची बायको, असे होते; पण पुण्यात मारुती नावाच्या नवऱ्यांना काय तोटा?

तिने पगार मिळाल्याच्या रकान्यातले अंगठे मोठे करून पाहिले. डाव्या हाताच्या त्या ठशांवर, वरच्या कोपऱ्यातून तिरकी खाली आलेली एक कोरी रेघ होती, तिथे शाई बसलेलीच नव्हती. विळीवर किंवा पत्र्यावर कधीतरी बोट खोल कापले असेल. १९४० च्या डिसेंबरातल्या ठशावर ती रेघ होती आणि १९४३ च्या पहिल्या ठशावरही होती, त्याच जागी, त्याच तिरकसपणाने.

तिसऱ्या नावाचा उलगडा पैशांमुळे झाला. महागाई भत्ता धरून बाईंचा पगार १९४८ मध्ये बावीस रुपये झाला, आणि वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लावण्याचा नियम असल्यामुळे त्या महिन्यापासून रकान्यात तिकीट दिसू लागले. पहिल्याच तिकिटावर अर्धे तिकिटावर आणि अर्धे कागदावर असे, टाक दाबून दाबून लिहिलेले होते : एसुबाई. ‘बा’चा काना ओळीखाली उतरला होता, आणि ‘ई’ला जागा न उरल्याने ती वरच्या बाजूला चढवली होती. कारकुनाचा विश्वास बसला नसावा, कारण शेजारी त्याने अंगठाही घेतला होता. त्या अंगठ्यावर तीच रेघ होती. पुढच्या महिन्यापासून नुसती सही होती, आणि नावाच्या रकान्यात कारकून मात्र निष्ठेने ‘यशूबाई’च लिहीत राहिला होता.

“म्हणजे बाई एकच,” सर स्क्रीनकडे वाकून म्हणाले. “मग मुख्य नाव येसूबाई ठेवा. शोधणारा तेच टाइप करणार.”

“शोधताना तिन्हींवरून सापडेल अशी सोय करते. पण मुख्य नाव एसुबाई ठेवू या, सर. बाकीची दोन दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत.”

“आणि उद्या कोणी विचारलं, की हे अशुद्ध का छापलं?”

“शेऱ्यात लिहिते : स्वाक्षरीप्रमाणे.”

सरांनी थोडा विचार करून मान हलवली. सायलीने तिन्ही नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सेवेची वर्षे तीनावरून थेट बारा झाली. मधल्या दोन वर्षांपुढे तिने ‘वही उपलब्ध नाही’ असे नोंदवले.

सर उठता उठता थांबले आणि १९४९ च्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “आता हेही बघून घ्या. इथे नवऱ्याचं नाव मारोती लिहिलंय.”