तुम्ही बसा, आम्ही येतो

समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या सगळ्या आज्यांनो, आजोबांनो, सरपंचताई, गुरुजी आणि गावकरी मंडळी, सर्वांना नमस्कार.

आज १ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन. मागच्या आठवड्यात या सत्काराचं आमंत्रण घेऊन आम्ही तरुण मुलंमुली घरोघर फिरलो. अकरा घरं झाली आणि अकराही घरी एकच उत्तर मिळालं, "माझा कशाला गं सत्कार? मी काय केलंय?" वर आणि प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं. मग आम्ही हट्टानं तिथेच ओट्यावर बसलो. तुम्ही काय केलंत, ते तुमच्या शेजाऱ्यांकडून ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं. आज बोलतेय ते त्या वहीतलं.

सुरुवात तलावापासून करते. १९७२ च्या दुष्काळाबद्दल आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पण आपल्या पाझर तलावाच्या भरावावर कुणाकुणाच्या डोक्यावरची माती आहे, हे पुस्तकात कुठून असणार? पहिल्या रांगेतल्या माई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. चार महिन्यांचं लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि या दिवसभर पाट्या वाहायच्या. संध्याकाळी चौकडी मापली जायची, तेव्हा कुठे मजुरी. दुपारी सुकडी मिळायची, त्यातली मूठभर पदरात बांधून त्या घरी सासूसाठी आणायच्या. मी विचारलं, "माई, फार हाल झाले ना?" त्या म्हणाल्या, "हाल तर सगळ्यांचेच होते. पण तळं झालं की नाही?"

झालं, माई. त्याच तळ्याखालच्या विहिरींना आज उन्हाळ्यातही पाणी असतं. माझ्या वडिलांनी माझ्या कॉलेजची फी त्याच पाण्यावर पिकलेल्या कांद्यातून भरली. हे मला गेल्या आठवड्यापर्यंत कधी सुचलंच नव्हतं, याची मला खरंच लाज वाटली.

आता आबा. आपण ज्या मैदानात बसलोय ते आबांचं वावर होतं. शाळा तेव्हा देवळाच्या ओवरीत भरायची, पाऊस आला की सुट्टी. आबांनी रस्त्यालगतची वीस गुंठे जमीन शाळेला लिहून दिली. स्वतः आबा दुसरीपर्यंत शिकलेले. तीन मुलगे होते, जमीन थोडी होती, भाऊबंद नको नको म्हणत होते. आबा एवढंच म्हणाले, "तीन पोरांना दिली तर तिचे तुकडे होतील, शाळेला दिली तर गावाला पुरेल." इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी पहिलं अक्षर या शाळेत गिरवलं, त्यांनी जरा हात वर करा. आबा, मागे वळून बघा. तुम्हाला नीट दिसत नसेल, म्हणून मी सांगते, सगळं मैदान हात वर करून बसलंय.

सुईण आजींना मी आकडा विचारला, किती बाळंतपणं केलीत? त्या म्हणाल्या, "लेकरं कुणी मोजतं का?" रात्री-अपरात्री कंदील घेऊन, ओढ्याला गुडघाभर पाणी असताना पलीकडच्या वस्तीवर जायच्या. कोणत्या जातीचं घर, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, त्यांच्याकडून काही घेतलं नाही. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अवघड वाटलं की अडून न बसता बाईला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला त्या भाग पाडायच्या, आणि स्वतः गाडीत सोबत बसायच्या. माझा जन्म तसाच झालाय. आई सांगते, वाटभर आजींनी तिचा हात सोडला नव्हता.

बापूंनी बांधाची भांडणं मिटवली. दोन्ही भावांना एकाच ताटात जेवायला बसवायचे आणि मग विषय काढायचे. आमच्या घरचं भांडणही त्यांनीच मिटवलं, तेव्हा जास्त बोलत नाही. काका समोरच बसलेत.

वहीतली सगळी पानं वाचायला आज वेळ नाही, पण ती वही शाळेत ठेवणार आहोत. पुढच्या महिन्यापासून सातवीची मुलं रविवारी तुमच्याकडे येतील. तुम्ही सांगा, ती लिहून घेतील. आज ज्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांच्या आठवणीही तुमच्याकडूनच मिळतील.

आता सत्कार. शाल-श्रीफळ घ्यायला मंचावर बोलवायची पद्धत आहे. पण या पायऱ्या उंच आहेत आणि तुमचे गुडघे आमच्यासाठी पुरेसे झिजलेत. म्हणून माई, आबा, आजी, बापू, कुणीही उठू नका. सरपंचताई, चला, आपणच खाली उतरू.