३०४ च्या काकूंना, २०४ कडून

काकू, नमस्कार.

काल रात्री तुमच्या दाराला लावलेली इंग्रजी चिठ्ठी माझ्या रूममेटची. ‘मशीन बंद करा, पाणी येतंय, प्लंबर बोलवा’ एवढंच लिहिलेलं, त्यामुळे हुकूम सोडल्यासारखं वाटलं असेल. तसं अजिबात नाही. त्याला मराठी येत नाही आणि रात्री अकराला बेल वाजवणं बरं वाटेना, म्हणून घाईत खरडलं. त्याचं म्हणणं त्याला विचारून नीट लिहितोय:

काकू, त्रास देतोय, माफ करा. तुमचं वॉशिंग मशीन पाणी सोडतं, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी आमच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडायला लागतात. एरवी कोरडं असतं. म्हणजे नळाची लाइन ठीक असावी (ती फुटली असती तर दिवसभर गळलं असतं). संशय नहाणी ट्रॅपवर आहे. मशीन दोन-तीन बादल्या पाणी एका दमात ओततं. ट्रॅपमध्ये धागे-केस अडकले असले की ते तुंबून लादीवर पसरतं आणि कडेच्या फटीतून खालच्या कोब्यात मुरतं. थेंब उशिरा पडतात ते त्यामुळेच.

(पुढे खालच्या चिठ्ठीवर)

जमलं तर आधी एवढं पाहाल का? मशीनचा पाइप बाजूला काढून जाळी उचला, आतली वाटी बाहेर घ्या, गाळ हाताने काढा आणि वाटी बसवून एक तांब्या पाणी घाला, नाहीतर वास येईल. अ‍ॅसिड मात्र नको, लाद्यांमधलं सिमेंट खातं आणि फट वाढते. मग मशीन न लावता दोन बादल्या भरभर ओता. पाणी सरळ गेलं आणि खाली थेंब आला नाही, तर काम झालं. सरळ जाऊनही गळलं, तर ट्रॅपचा सांधा किंवा कडेची फट. तिथे प्लंबरच लागेल. ओतायच्या आधी सांगा, मी खाली टॉर्च घेऊन उभा राहतो.

तोपर्यंत एकच विनंती: मशीन संध्याकाळी साडेसातनंतर लावाल का? थेंब नेमके गीझरच्या वायरवरून उतरतात. तेव्हा आम्ही घरी असतो, मेन बंद करता येतो. दुपारी घरी कोणी नसतं, त्याचीच भीती वाटते. बाकी पोपडे वगैरे चालतील.

इथपर्यंत त्याचं. सोसायटीत तक्रार केलेली नाही, करायचा विचारही नाही. गाळ काढायला काकांना वाकायला लावू नका, आम्ही दोघं येऊन काढून देतो. आज आठपासून घरीच आहोत. काल रात्रीची चिठ्ठी मी काढून टाकली आहे.

– २०४