आज एकच मेणबत्ती

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सगळ्यांना सलाम. मागे बसलेल्या पोरांनो, तुम्हालाही, आणि मोबाईल खिशात ठेवला तरी चालेल, मेसेज कुठे पळून जात नाही.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. सकाळी मी इथे ही चार मेणबत्त्यांची चक्री मांडत होतो तेव्हा आपल्या संडेस्कूलमधली एक छोटी आली आणि म्हणाली, पाळकसाहेब, चारही आहेत ना मग आजच चारही लावून टाका ना, किती छान दिसेल. मी म्हटलं नाही गं, आज एकच. तर ती म्हणते, "मग बाकीच्या तीन आणल्या कशाला?" मला पटकन काही उत्तरच सुचलं नाही, खोटं कशाला बोलू. म्हणून आजचा संदेश तिच्या प्रश्नावरच आहे, तयार करून आणलेला कागद बायबलमध्येच राहू दे.

तिला एक गंमत सांगायची राहिली. ही चक्री निघालीच मुळी अशा घायकुतीला आलेल्या पोरांमुळे. 1839 साली जर्मनीत, हांबुर्गमध्ये, योहान विखर्न नावाचे एक पाळक गरीब आणि अनाथ मुलांचं एक घर चालवायचे. मुलं रोज विचारून विचारून जीव खायची, नाताळ आला का, अजून किती दिवस. शेवटी त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवायची असं ठरवलं. म्हणजे बघा, त्यांनी मुलांना "गप्प बसा, धीर धरा" असं नाही सांगितलं, डोळ्यांना बघायला काहीतरी दिलं, काल एवढा उजेड होता आज त्याहून थोडा जास्त आहे.

आपल्या मराठीत हे किती सोपं करून ठेवलंय. आपण वाट "बघतो". शब्दातच डोळे आहेत, रस्ता आहे आणि त्या रस्त्याने कोणीतरी येणार आहे हे पण आहे. नुसता वेळ काढणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. वेळ काढणारा घड्याळाकडे बघतो, वाट बघणारा रस्त्याकडे. (आणि जो रस्त्याकडे बघायचं सोडून घाई करतो त्याची वाट लागते, ते पण मराठीच.)

वाट लागलेल्या माणसाचंच उदाहरण घेऊ. शौल राजा, पहिला शमुवेल, 13 वा अध्याय. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, वाळूसारखं मोजता न येणारं. शमुवेलाने सांगितलेलं होतं की सात दिवस थांब, मी येतो. आता आपण समजतो की शौल थांबलाच नाही, पण तसं नाहीये, नीट वाचा, तो सात दिवस थांबला! अगदी ठरलेल्या मुदतीपर्यंत. पण त्याचे डोळे कुठे होते? शमुवेल येणार त्या रस्त्यावर नव्हते, एकेक करून सटकणाऱ्या शिपायांवर होते. रोज मोजायचा, आज किती गेले, आता किती उरले. सातव्या दिवशी त्याचा धीर सुटला, त्याने स्वतःच होमार्पण उरकून घेतलं, आणि वचन म्हणतं, त्याचं अर्पण संपतंय तोच शमुवेल आला. तोच! मला तर हे वाचताना दर वेळी पोटात कालवतं. मागाहून माणसं मोजली तर उरले होते सहाशे. म्हणजे ज्या गळतीच्या भीतीने घाई केली ती गळती काही थांबली नाहीच, आणि राज्य टिकणार नाही हे वर ऐकावं लागलं.

आपण शौलाला नावं ठेवतो पण आपण सगळे सातव्या दिवसाची माणसं आहोत. रिझल्ट लागायचाय, रिपोर्ट यायचाय, लग्न जमत नाहीये, नोकरीचा फोन येत नाहीये, आणि आपण रोज बसून काय मोजतो तर आपल्यातून काय काय गेलं ते. वय गेलं, बरोबरचे पुढे गेले, पैसे गेले.

आता दुसरीकडे हन्ना बघा, लूक 2 मधली. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला. आणि आता ती 84 वर्षांची. मोजायचंच म्हटलं तर तिच्याकडे मोजायला किती होतं! पण लूक सांगतो, ती मंदिर सोडून जात नसे, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. मला वाटतं आपण हे वाचून तिला फार पवित्र वगैरे करून टाकतो, मला त्यातलं साधं काय आवडतं तर ती तिथे हजर होती. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन आले तेव्हा मंदिरात गर्दी असणारच, गरीब जोडपं, दोन पक्ष्यांचं अर्पण, कोण बघतंय त्यांच्याकडे. शिमोनाने बघितलं आणि हन्नाने बघितलं. ज्यांचे डोळे रस्त्यावर होते त्यांनाच ओळखता आलं. आणि हो, शिमोन म्हातारा होता असं आपण चित्रात बघतो, लूकने त्याचं वय कुठे लिहिलेलंच नाही, त्यामुळे तरुणांनो, हे काम फक्त आजीआजोबांचं आहे असं समजू नका.

पण एक गोष्ट मला प्रामाणिकपणे बोलायला पाहिजे. तुमच्यातल्या काहींची वाट खूप लांबलीये, आणि तुम्हाला इथून "नाताळपर्यंत सगळं होईल बघा" असं सांगणं म्हणजे फसवणूक होईल, ते मी सांगणार नाही. इब्री 11 मध्ये सरळ लिहिलंय की कित्येक जण वचनाचं फळ न मिळताच विश्वासात मेले, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि त्याला सलाम केला. दुरून! आपणही तसेच मधे उभे आहोत, बेथलेहेमात तो येऊन गेलाय आणि परत यायचाय, म्हणून आगमनकाळ हा एकाच वेळी आठवण पण आहे आणि अपेक्षा पण. स्तोत्र 130 लिहिणाऱ्याला हे माहीत होतं. तो म्हणतो पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, आणि तेच लगेच परत म्हणतो, पहारेकरी पहाटेची बघतात त्याहून जास्त. एकदा लिहून भागलं नाही त्याचं. रात्र लांब असली की माणूस तेच तेच बोलतो, तुम्ही पण प्रार्थनेत तेच तेच बोलत असाल तर लाजू नका. पण पहारेकऱ्याला पहाट होईल का हा प्रश्न पडत नाही, फक्त अजून किती वेळ एवढाच पडतो. आणि तो झोपत नाही, भिंतीवर फेऱ्या मारतो, दरवाजे तपासतो, त्याचं काम चालू असतं.

म्हणून या आठवड्यात एकच काम देतो. ज्या गोष्टीसाठी तुम्ही थांबलाय तिचं नाव घेऊन रोज पाच मिनिटं शांत बसा, मागणं वगैरे काही नको, आणि मग उठून तुमच्यासारखंच थांबलेल्या एकाला फोन करा. ज्याचा रिपोर्ट यायचाय त्याला "काय झालं" विचारू नका, "मी पण थांबलोय तुझ्याबरोबर" एवढंच म्हणा.

आणि बेटा, कुठे बसलीयेस तू? हां, ये इकडे. बाकीच्या तीन कशाला आणल्या विचारलं होतंस ना. त्या न पेटलेल्या दिसाव्यात म्हणूनच आणल्या. आज उजेड थोडाच आहे पण अजून तीन यायचेत हे सगळ्यांना बसल्या जागेवरून दिसतंय. पुढच्या रविवारी दुसरी कोण लावणार ते तूच ठरव. आता ही काडी धर, आईचा हात पकड, सावकाश... मंडळी, उभे राहूया.