विळीचा व्हिडिओ का काढला?

सपोर्ट टीम, नमस्कार.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं छोटं दुकान आहे. आमच्या पेजवरचा विळीचा व्हिडिओ तुम्ही ‘धोकादायक शस्त्र’ म्हणून काढलात. पाटावर बसवलेलं पातं, टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. बाईने एक पाय पाटावर ठेवून मेथी चिरली, मग अर्धा नारळ खवला, इतकंच त्यात होतं. याला शस्त्र म्हणायचं तर घरोघरची स्वयंपाकघरं शस्त्रागारंच ठरतील! सुऱ्यांच्या जाहिराती मात्र तुमच्याकडे बिनदिक्कत चालतात.

नेमका कोणता नियम मोडला, कोणत्या दृश्यात? 2021 च्या आयटी नियमांनुसार मोठ्या प्लॅटफॉर्मने कारण कळवायला हवं. मराठी समजणाऱ्या माणसाकडून व्हिडिओ पुन्हा तपासून घ्या. दिवाळीची गिऱ्हाइकं तोच पाहून फोन करत होती, तेव्हा लवकर कळवा.

आपला,
दुकानमालक, भांडी बाजार, नाशिक