उकडीचे मोदक: चतुर्थीची बुकिंग सुरू 🌺

सोमवारी, १४ सप्टेंबरला बाप्पा येतायत. नैवेद्याच्या मोदकांच्या ऑर्डरी आजपासून घेतेय. गुरुवार, १० तारखेला रात्री ९ ला यादी बंद. त्याआधी ६०० मोदक भरले, तर त्याआधीच बंद. कळ्या पाडणारे हात तीनच आहेत: मी, सासूबाई आणि शेजारच्या काकू. मोदक साच्यातले नसतात.

आंबेमोहोरची पिठी, ओला नारळ, साधा गूळ (चिक्कीचा नाही), वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. वाफवताना खाली हळदीचं पान.

उकडीचे: एक ४० रुपये. कमीत कमी ११ घ्यावे लागतील. २१ चे ८०० रुपये. "पाचच द्या ना ताई" म्हणू नका, नाही म्हणताना मलाच वाईट वाटतं.
तळणीचे (कणकेचे, सुक्या खोबऱ्याचं सारण): २१ चा डबा ४८० रुपये.
खिरापत, म्हणजे खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस, पाचही ख जागेवर: पाव किलो २६० रुपये. एक पाकीटही चालेल.

न्यायला यायच्या वेळा (डोंबिवली पूर्व, टिळकनगर):
सकाळी ७ ते ८
८:३० ते ९:३०
१० ते ११
प्रत्येक वेळेचा घाणा वेगळा वाफवते, म्हणून ऑर्डर देतानाच वेळ सांगा. ७ ची वेळ घेऊन ११ ला आलात तर मोदक मिळतील, पण गार. तळणीचे आणि खिरापत रविवारी संध्याकाळी ५ ते ८ मध्येही नेता येईल. घरपोच देत नाही. गेल्या वर्षी रिक्षातून पाठवलेल्या डब्यात निम्म्या मोदकांची नाकं मोडली होती. पसरट स्टीलचा डबा घरूनच आणा, केळीचं पान मी घालते.

आता टिकण्याचं. उकडीचे मोदक त्याच दिवशी संपवायचे. ओल्या नारळाचं सारण, त्यात सप्टेंबरची दमट हवा, त्यामुळे दुपारपर्यंत बाहेर ठीक, रात्रीपर्यंत नाही. उरले तर फ्रीजमध्ये बंद डब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सात मिनिटं वाफवून खा. फ्रीजमधून काढून तसेच खाल्ले तर पारी कडक लागते, मग "ताई, उकड बिघडली" असा फोन येतो 😄 तळणीचे हवाबंद डब्यात ८ दिवस, खिरापत १५ दिवस. ओला चमचा मात्र घालायचा नाही.

ऑर्डरसाठी मेसेजमध्ये नाव, काय आणि किती, न्यायची वेळ लिहा. निम्मे पैसे जीपेवर आले की यादीत नाव चढतं. १२ तारखेनंतर रद्द केलं तर ते परत मिळणार नाहीत, नारळ तोवर आलेले असतात.

गौरीच्या पुरणपोळ्यांचं विचारू नका, त्या दिवशी आमच्याकडेही गौरी जेवतात 🙏